फीडबॅकचा रेझिस्टर लावूनही रिले खडखडतो, तेव्हा हिस्टेरेसिस नेमका कुठे गळतो?

एकच तक्रार माझ्या एकाच सर्किटने तीन वेळा केली. तिन्ही वेळा लक्षण सारखं होतं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. तापमान ठरवलेल्या आकड्याजवळ आलं की रिले टकटक वाजायला लागायचा. कधी नुसता घूं असा आवाज, कधी सेकंदाला चार-पाच टोले. तापमान पुढे सरकलं की शांतता. ‘पॉझिटिव्ह फीडबॅक द्या, हिस्टेरेसिस येईल, चॅटर जाईल’ हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तरीही चॅटर का राहतो, ते इथे आकड्यांनिशी मांडतो.

आधी सर्किट सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे त्याचेच आहेत. एका बंद कॅबिनेटमधला पंखा ४० अंश सेल्सिअसला सुरू व्हायला हवा. सेन्सर म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम असलेला एनटीसी थर्मिस्टर, बी-स्थिरांक ३९५०. पाच व्होल्टपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याखाली थर्मिस्टर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. मधला सांधा एलएम३५८ या ऑप-अँपच्या २ नंबरच्या पिनला, म्हणजे इन्व्हर्टिंग इनपुटला. संदर्भ व्होल्टेज १० किलोओहमच्या प्रीसेटवरून ३ नंबरच्या पिनला. आउटपुट पिन १ वरून २.२ किलोओहममधून बीसी५४७ चा बेस, आणि तो ट्रान्झिस्टर १२ व्होल्टचा, सुमारे ३० मिलिअँपिअर घेणारा रिले ओढतो. रिलेवर उलटा डायोड आहे. तापमान वाढलं की थर्मिस्टरचा रोध घटतो, पिन २ चं व्होल्टेज खाली येतं, ते पिन ३ च्या खाली गेलं की आउटपुट वर जातं आणि पंखा सुरू होतो.

४० अंशांना हा थर्मिस्टर सुमारे ५.३ किलोओहम असतो, म्हणून पिन २ वर १.७३ व्होल्ट येतात. त्या आसपास एक अंश बदलला की व्होल्टेज साधारण ४५ मिलिव्होल्टने हलतं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण मिलिव्होल्टमधला हिस्टेरेसिस अंशांमध्ये वाचायला तोच लागतो.

चॅटर एवढा वेळ का टिकतो

पहिल्यांदा सर्किटमध्ये फीडबॅक नव्हताच. ऑसिलोस्कोप लावला तर पिन २ वर ४० मिलिव्होल्ट शिखर ते शिखर एवढा गोंधळ दिसला, बहुतांश ५० हर्ट्झचा. सेन्सरची तार दोन मीटर लांब आणि मेनच्या तारांना चिकटून गेलेली, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

४० मिलिव्होल्ट म्हणजे एक अंशसुद्धा नाही, त्याने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण कॅबिनेट किती हळू तापतं ते बघा. मिनिटाला ०.६ अंश, म्हणजे सेकंदाला एक शतांश अंश. पिन २ चं सरासरी व्होल्टेज सेकंदाला अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी वेगाने खाली सरकत असतं. ४० मिलिव्होल्टचा तो पट्टा संदर्भरेषेवरून पूर्ण पार व्हायला जवळपास दीड मिनिट लागतं. त्या दीड मिनिटात प्रत्येक ५० हर्ट्झच्या लहरीबरोबर सिग्नल रेषेच्या खाली-वर होतो. ऑप-अँपची उघडी गेन लाखाच्या घरात असते, त्यामुळे तो प्रत्येक ओलांडणीला प्रामाणिकपणे उत्तर देतो. रिलेला एवढं पटपट उघडमीट करणं जमत नाही, म्हणून तो घूं करत राहतो आणि त्याचे संपर्क जळतात.

इथे बहुतेकजण आधी फिल्टरकडे वळतात, मीही वळलो होतो. थर्मिस्टरला समांतर १०० नॅनोफॅरड लावला तर काहीच फरक पडत नाही. तिथला समतुल्य रोध साडेतीन किलोओहमच्या आत असतो, त्यामुळे असा फिल्टर ४६० हर्ट्झच्या आसपास कापायला सुरुवात करतो आणि ५० हर्ट्झ त्यातून सरळ निघून जातं. १० मायक्रोफॅरड लावला की कटऑफ साडेचार हर्ट्झवर येतो आणि ४० चा गोंधळ चार मिलिव्होल्टच्या आत जातो. पण चार मिलिव्होल्टचा पट्टा ओलांडायलाही आठ-नऊ सेकंद लागतातच. सिग्नल इतका मंद असताना फिल्टर चॅटरचा काळ कमी करतो, चॅटर मिटवत नाही. मिटवायचा तर एकदा निर्णय झाल्यावर रेषेलाच मागे सरकावं लागतं.

ही युक्ती व्हॅक्यूम ट्यूबच्या काळातली आहे. ओटो श्मिट यांनी विद्यार्थीदशेत ती मांडली आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. श्मिट ट्रिगर हे नाव तिथूनच आलं. आउटपुट वर गेलं की त्याचा थोडा अंश संदर्भाच्या पिनवर परत द्यायचा, म्हणजे संदर्भही वर जातो. आता सिग्नलला परत फिरायचं तर पूर्वीच्या रेषेपेक्षा बरंच वर चढावं लागतं. या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे हिस्टेरेसिस. गोंधळ त्या अंतरापेक्षा लहान असेल तर एका ओलांडणीला एकच उत्तर मिळतं.

एक मेगाओहम लावला, तरी काहीच झालं नाही

मी पिन १ पासून पिन ३ ला एक मेगाओहम जोडला. पिन ३ थेट प्रीसेटच्या मधल्या टोकाला होता, तो तसाच ठेवला. चॅटर जराही कमी झाला नाही. मला वाटलं रेझिस्टर खराब आहे, म्हणून दुसरा लावला. तोही तसाच.

चूक रेझिस्टरची नव्हती. फीडबॅकचा रेझिस्टर एकटा काहीच ठरवत नाही. तो आणि पिन ३ ला बाहेरून दिसणारा रोध मिळून विभाजक बनतो, आणि हिस्टेरेसिस त्या दोघांच्या गुणोत्तरातून येतो.

```
a   = Vw / 5
Rth = P * a * (1 - a)
Rin = R1 + Rth
H   = dVout * Rin / (Rin + Rf)
```

यात `P` म्हणजे प्रीसेटचा पूर्ण रोध, `Vw` म्हणजे त्याच्या मधल्या टोकाचं व्होल्टेज, `R1` म्हणजे मधलं टोक आणि पिन ३ यांच्यामध्ये घातलेला रेझिस्टर, `Rf` फीडबॅकचा आणि `dVout` म्हणजे आउटपुट खालून वर किती जातं ते.

माझ्या सर्किटात `R1` शून्य होता. प्रीसेट १.७३ व्होल्टवर असताना त्याचा समतुल्य रोध फक्त २.२६ किलोओहम. आउटपुटची झेप किती? पाच व्होल्ट धरू नका. एलएम३५८ चं आउटपुट पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतं, म्हणजे इथे साडेतीन व्होल्ट. साडेतीन गुणिले २.२६ भागिले १००२.२६, उत्तर आलं आठ मिलिव्होल्टच्या आत. गोंधळ चाळीसचा आणि बांध आठचा. वाहून जाणारच.

शिवाय असं जोडलं की हिस्टेरेसिस प्रीसेटच्या जागेवर अवलंबून राहतो. मधोमध समतुल्य रोध अडीच किलोओहम आणि टोकाला जवळजवळ शून्य. म्हणजे तापमानाची सेटिंग बदलली की न विचारता हिस्टेरेसिसही बदलतो.

उपाय स्वस्त आहे. प्रीसेटचं मधलं टोक आणि पिन ३ यांच्यामध्ये ३३ किलोओहम घाला. आता `Rin` झाला सुमारे ३५.३ किलोओहम, आणि साडेतीन व्होल्टच्या झेपेवर हिस्टेरेसिस आला ११९ मिलिव्होल्ट. तापमानात वाचायचं तर अडीच अंश. प्रीसेट कुठेही फिरवला तरी शून्य ते अडीच किलोओहमचा फरक ३३ च्या पुढे किरकोळ ठरतो. पिन ३ मधून वाहणारा बायस प्रवाह काही दशक नॅनोअँपिअरचा असतो. ३४ किलोओहमवर त्याने एक-दोन मिलिव्होल्टची चूक होते, ती सोडून देता येते. पण याच तर्काने `R1` मेगाओहममध्ये नेऊ नका. तिथे बायस प्रवाह रेषा हलवू लागतो आणि पिन स्वतःच अँटेना बनते.

एक गोष्ट मात्र पुन्हा जुळवावी लागते. आउटपुट खाली असताना फीडबॅकचा रेझिस्टर पिन ३ ला जरा खाली ओढतो, म्हणून प्रीसेट १.७३ वर ठेवून चालत नाही, १.७९ वर न्यावा लागतो. मग पंखा १.७३ ला म्हणजे ४० अंशांना सुरू होतो आणि १.८५ ला म्हणजे साडेसदतीस अंशांना बंद होतो. प्रीसेटच्या टोकाचं व्होल्टेज वाचून सेटिंग करू नका, पिन ३ वरचं वाचा. मीटरचा रोध दहा मेगाओहम असेल तर वाचनात फरक पडत नाही.

‘स्थिर’ संदर्भासाठी लावलेला कॅपॅसिटर

याच टप्प्यावर माझ्याकडून आणखी एक चूक झाली होती, आणि ती मी इतरांच्या बोर्डवर बऱ्याचदा बघतो. संदर्भ व्होल्टेज शांत राहावं म्हणून १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सरळ पिन ३ वर. कागदावर हिस्टेरेसिस ११९, प्रत्यक्षात पंखा सुरू होताना रिले दोन-चार वेळा फडफडतो आणि मग शांत होतो.

कारण असं: आउटपुटने उडी मारली तरी पिन ३ ला ११९ मिलिव्होल्ट वर चढायचं तर ३४ किलोओहममधून तो कॅपॅसिटर भरावा लागतो. त्याचा कालांक ०.३४ सेकंद. ५० हर्ट्झची एक लहर २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे रेषा वर सरकायच्या आतच डझनभर लहरी येऊन जातात. पॉझिटिव्ह फीडबॅक मिळतो, पण उशिरा. आणि उशिरा मिळालेल्या फीडबॅकचा पहिल्या क्षणी उपयोग शून्य.

कॅपॅसिटर ठेवायचाच असेल तर प्रीसेटच्या मधल्या टोकावर ठेवा, ३३ किलोओहमच्या अलीकडे. तिथे तो संदर्भ शांत करतो आणि पिन ३ ला उडी मारायला मोकळीक राहते. ओळखायची खूण सोपी आहे. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब पिन १ वर, एक पिन ३ वर. दोन्ही कडा एकाच वेळी उभ्या चढल्या पाहिजेत. पिन ३ ची कड फुगत, गोलाई घेत चढत असेल तर त्या पिनवर कुठेतरी कॅपॅसिटर बसलाय.

वर्षभराने परत तेच

३३ किलोओहम लावल्यावर सर्किट वर्षभर नीट चाललं. मग पंखा जुना झाला म्हणून बदलला. जुना ०.३ अँपिअर घ्यायचा, नवा मोठा, ०.७ अँपिअरचा. पहिल्याच दिवशी रिले टकटकायला लागला. या वेळी आवाज वेगळा होता. घूं नाही, तर एकसुरी, ठरावीक गतीची टक-टक. गोंधळामुळे होणारा चॅटर अनियमित असतो, तापमान सरकेल तसा त्याचा पोत बदलतो. ही टक-टक घड्याळासारखी होती आणि तासभर थांबली नाही. ही खूण मी आता सगळ्यात आधी बघतो. नियमित टोले म्हणजे बहुधा गोंधळ नव्हे. आउटपुटच कुठल्यातरी आडवाटेने इनपुटला ढकलतंय.

ती आडवाट ग्राउंडच्या तारेत सापडली. कॅबिनेटपर्यंत मी तीनच तारा नेल्या होत्या: पंख्याची पॉझिटिव्ह, सेन्सरची, आणि दोघांची मिळून एक परतीची. दोन मीटर बारीक तार आणि तिचे सांधे मिळून ०.२ ओहम. पंखा सुरू झाला की त्याचा सगळा प्रवाह त्या परतीच्या तारेतून येतो आणि तिच्या लांबच्या टोकावर व्होल्टेज उभं राहतं. ०.७ अँपिअरला १४० मिलिव्होल्ट. थर्मिस्टरचं ‘ग्राउंड’ तेवढं वर उचललं जातं, आणि विभाजकातून त्यातले सुमारे ९१ मिलिव्होल्ट पिन २ वर येतात.

आता दिशा बघा. पंखा सुरू झाला, पिन २ वर गेली. पिन २ वर जाणं म्हणजे सर्किटच्या भाषेत ‘थंड झालं’. म्हणजे पंखा स्वतःलाच बंद करायला निघतो. हा निगेटिव्ह फीडबॅक आहे, कुणी न काढलेला, आणि आपण रेझिस्टर लावून दिलेल्या पॉझिटिव्ह फीडबॅकला तो खातो. पिन ३ वर ११९ चढले, पिन २ वर ९१ चढले, हातात उरले २८. गोंधळ चाळीसचा. पंखा सुरू, लगेच गोंधळाच्या पुढच्या शिखराला पंखा बंद, ग्राउंड परत खाली, पंखा पुन्हा सुरू. टोल्यांची गती रिलेच्या ओढण्या-सोडण्याच्या वेळेने ठरते, म्हणूनच ती इतकी एकसुरी.

जुन्या पंख्याच्या वेळीही हे होतंच. ०.३ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट, त्यातले ३९ पिन २ वर. ३९ आणि ४० मिळून ७९, ते ११९ च्या आत बसत होते म्हणून वर्षभर कळलं नाही. त्यामुळे हिस्टेरेसिस ‘गोंधळाच्या दुप्पट-तिप्पट’ असा ठरवण्याचा नियम मला अपुरा वाटतो. त्यात लोडच्या झटक्याला जागाच नाही. मी असं मोजतो: लोड सुरू झाल्यावर इनपुट उलट दिशेने जितकं सरकतं ते, अधिक शिखर ते शिखर गोंधळ, आणि त्या बेरजेच्या वर निदान निम्मी मोकळीक.

हे मोजायचं कसं

अंदाज बांधण्यापेक्षा दोन मोजमापं घ्या. दोन्हींना साधा मल्टीमीटर पुरतो.

पहिलं, पंखा न जोडता. थर्मिस्टर काढा आणि त्याच्या जागी बोर्डवरच, अगदी आखूड तारांनी, १० किलोओहमचा प्रीसेट दोन टोकांनी जोडा. मीटर पिन २ आणि पिन ४ वर. प्रीसेट हळूहळू फिरवा. रिले ओढला त्या क्षणीचा आकडा लिहा, मग उलट फिरवा आणि सुटला त्या क्षणीचा लिहा. माझ्याकडे १.७३ आणि १.८५ आले. वजाबाकी हाच तुमचा खरा हिस्टेरेसिस, सूत्रातला नव्हे. गणिताशी तो जुळला नाही तर चूक बोर्डवरच आहे: `R1` राहिला, `Rf` भलत्या पिनला गेला, किंवा आउटपुट पुरेसं वर जात नाही.

दुसरं, लोडसकट. ट्रान्झिस्टरचा बेस-रेझिस्टर पिन १ पासून सोडवा, म्हणजे ऑप-अँप आणि रिले यांचा संबंध तुटेल. थर्मिस्टरच्या जागचा प्रीसेट आता तारेच्या लांबच्या टोकाला, कॅबिनेटमध्ये लावा, पंखा जोडा, आणि पिन २ वर १.७५ च्या आसपास आणून हात बाजूला घ्या. मग बेस-रेझिस्टरचं सुटं टोक एका तारेने पाच व्होल्टला टेकवा. पंखा सुरू होईल आणि नजर मीटरवर ठेवा. प्रीसेटला कुणी हात लावलेला नसताना माझा आकडा १.७५ वरून १.८४ वर गेला. तार काढली, पंखा थांबला, परत १.७५. जे दोन दिवस गणित करून कळलं नव्हतं ते त्या एका उडीत दिसलं. ही उडी शून्याजवळ असली पाहिजे. ती ज्या दिशेने आहे तीही बघा. उडी स्विच होण्याच्या विरुद्ध असेल तर ती हिस्टेरेसिस खाते. त्याच दिशेने असेल तर हिस्टेरेसिस फुगतो, टकटक होत नाही, पण पंखा ठरल्यापेक्षा फारच उशिरा बंद होतो.

दुरुस्ती म्हणजे चौथी तार. थर्मिस्टरची परतीची तार स्वतंत्र, ती थेट एलएम३५८ च्या पिन ४ जवळ. पंख्याची परतीची तार सरळ पुरवठ्याच्या निगेटिव्ह टोकाला, बोर्डवरून न फिरवता. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन मेनपासून दूर नेल्या, त्याने गोंधळही ४० वरून १५ मिलिव्होल्टवर आला. लोडची उडी मीटरवर एक मिलिव्होल्टपुरती उरली. हिस्टेरेसिस ११९ चाच ठेवला, काहीच बदललं नाही, आणि टकटक पूर्ण गेली. `Rf` कमी करून हिस्टेरेसिस २५० मिलिव्होल्टपर्यंत नेला असता तरी टकटक थांबली असती, पण मग पंखा सुरू आणि बंद होण्यात साडेपाच अंशांचं अंतर पडलं असतं, आणि पुढचा आणखी मोठा पंखा लागला की पुन्हा हेच झालं असतं.

एलएम३९३ लावला तर

ऑप-अँप काढून खरा कंपॅरेटर लावला की प्रश्न सुटेल असं एका मित्राला वाटलं. त्याने त्याच बोर्डवर एलएम३९३ बसवला. पायांची मांडणी सारखीच आहे, त्यामुळे तो बसतोही. पण त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. त्याने १० किलोओहमचा पुल-अप लावला, तोपर्यंत ठीक. मात्र पुल-अपच्या खालीच २.२ किलोओहम आणि ट्रान्झिस्टरचा बेस लटकलेला. आउटपुट ‘वर’ असताना पिन १ पाच व्होल्टला जातच नाही, विभाजक होऊन १.५ व्होल्टच्या आत अडकते. हिस्टेरेसिस आउटपुटच्या झेपेच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ११९ चे ५० झाले. त्याच्याकडे गोंधळ आणि लोडचा धक्का दोन्ही होते, सर्किट आधीपेक्षा वाईट वागलं. दोष चिपला लागला.

इथे बीसी५४७ च्या जागी २एन७००० सारखा छोटा मॉस्फेट लावणं सगळ्यात सुटसुटीत. गेट स्थिर स्थितीत प्रवाह घेत नाही, पुल-अप आउटपुटला जवळजवळ पाच व्होल्टपर्यंत नेतो, आणि त्याच ३३ किलोओहम व एक मेगाओहमवर हिस्टेरेसिस १७० मिलिव्होल्टजवळ जातो. मग `Rf` १.५ मेगाओहम करून तो पुन्हा ११५ वर आणता येतो.

ऑप-अँपच वापरायचा असेल तर कुठलाही चालत नाही, हेही सांगून ठेवतो. एनई५५३२ सारख्या काही ऑप-अँपच्या दोन इनपुटांमध्ये आतूनच उलटसुलट डायोड असतात. ऑप-अँप म्हणून वापरताना ते दिसत नाहीत, कारण दोन्ही इनपुट सारख्याच व्होल्टेजला असतात. कंपॅरेटर म्हणून वापरला की इनपुटांमध्ये व्होल्टभर फरक पडतो, डायोड वाहू लागतात आणि सेन्सरचं व्होल्टेज संदर्भावर चढतं. एलएम३५८ मध्ये ते नाहीत, म्हणून तो इथे चालतो. तो मंद आहे, आउटपुट मायक्रोसेकंदाला व्होल्टच्या काही दशांशानेच चढतं, पण रिलेसाठी त्याने काही बिघडत नाही. किलोहर्ट्झच्या पुढचा सिग्नल मोजायचा असेल तर मात्र कंपॅरेटरच घ्या.

हिस्टेरेसिसच्या आवाक्याबाहेरचं

रिलेच्या संपर्कांमधली ठिणगी किंवा शेजारची मोटर बंद होताना येणारा टोला अर्ध्या-एक व्होल्टचा असू शकतो. तो ११९ मिलिव्होल्टचा बांध सहज ओलांडतो आणि एक खोटं स्विचिंग करून जातो. त्याच्यासाठी हिस्टेरेसिस वाढवत बसू नका. असे टोले मायक्रोसेकंदांचे असतात, त्यामुळे पिन २ जवळ, सेन्सरच्या बाजूला १०० नॅनोफॅरडसुद्धा त्यांना पुरून उरतो. मघाशी ५० हर्ट्झपुढे निरुपयोगी ठरलेला तोच कॅपॅसिटर इथे नेमका कामाचा आहे.

आणि रिले ना ओढलेला ना सुटलेला, ट्रान्झिस्टर गरम, पिन १ वर व्होल्टभराचं मधलंच काहीतरी वाचन, असं दिसलं तर तो चॅटर नव्हे. फीडबॅकचा रेझिस्टर पिन ३ ऐवजी पिन २ ला गेलाय आणि ऑप-अँप अँप्लिफायर म्हणून वागतोय. पंख्याची क्रिया उलटी करायला इनपुटांची अदलाबदल करताना ही चूक हमखास होते. इनपुट बदलले तरी `Rf` नेहमी पिन ३ लाच राहतो. मात्र आता त्या पिनवर सेन्सर आलेला असतो, म्हणून ३३ किलोओहमही सेन्सर आणि पिन ३ यांच्यामध्ये हलवावा लागतो. सेन्सरचा साडेतीन किलोओहम त्यात मिळवून सूत्रात घाला.

शेवटी या मांडणीतली एक कमतरता, जी मी नंतर दुरुस्त केली. थर्मिस्टरची तार तुटली तर पिन २ वरच्या १० किलोओहममधून पाच व्होल्टला जाते, सर्किटला वाटतं सगळं थंडगार आहे, आणि पंखा कधीच सुरू होत नाही. थर्मिस्टर आणि १० किलोओहम यांच्या जागा बदलल्या, इनपुटही बदलले आणि `R1`, `Rf` वर सांगितल्याप्रमाणे हलवले, तर तार तुटल्यावर काय होईल ते तपासायला मी बसलो. तेव्हा पिन ३ शून्यावर जाते आणि पंखा पुन्हा बंदच राहतो. म्हणून मी जागा न बदलता एलएम३५८ चा रिकामा दुसरा भाग वापरला. त्याच्या पिन ५ ला पिन २ वरचं व्होल्टेज, पिन ६ ला ३.२ व्होल्टचा संदर्भ, आणि पिन ७ वरून वेगळ्या २.२ किलोओहममधून त्याच बीसी५४७ चा बेस. दोन्ही आउटपुट एकमेकांना खाली ओढू नयेत म्हणून प्रत्येक बेस-रेझिस्टरच्या आधी एकेक १एन४१४८ डायोड. ३.२ व्होल्ट पिन २ वर यायला थर्मिस्टर १७.८ किलोओहम व्हावा लागतो, म्हणजे तापमान तेरा अंशांच्या आसपास. माझ्या कॅबिनेटमध्ये तेवढी थंडी कधी येत नाही, त्यामुळे तिथे ते वाचन आलं की तार तुटलीय असंच समजायचं आणि पंखा चालू ठेवायचा. तुमची जागा त्याहून थंड होत असेल तर हा उपाय तसाच उचलू नका.